सरासरी ९० एफपीएस, तरी गेम अडखळतो: १% लो मोजून दोष कसा शोधायचा

तक्रार नेहमी एकाच छापाची असते. स्क्रीनच्या कोपऱ्यात एफपीएसचा आकडा ८८, ९१, ९० असा छान स्थिर दिसतोय. ड्रायव्हर नवा आहे, ग्राफिक्स मीडियमवर आहेत. तरीही गाडी वळवली की चित्र क्षणभर थबकतं, नेम धरला की हात पुढे जातो आणि दृश्य मागे राहतं. मग कुणी सेटिंग आणखी खाली आणतं, आकडा ९० चा १०५ होतो, आणि झटके होते तिथेच राहतात. काही दिवसांनी पुन्हा तीच तक्रार.

हे असं होतं कारण ज्या आकड्याकडे बघून दुरुस्ती चालली आहे त्याला हा दोष दिसतच नाही. त्यामुळे आधी योग्य आकडा मोजायचा आणि मग सेटिंगला हात लावायचा, हा क्रम महत्त्वाचा.

सरासरीत झटका कसा लपतो

सरासरी एफपीएस म्हणजे एकूण फ्रेम भागिले एकूण सेकंद. एका मिनिटात ५४०० फ्रेम तयार झाल्या तर सरासरी ९०. त्या ५४०० फ्रेम एकसारख्या अंतराने आल्या की काही पटापट आणि काही रखडत, याचा या भागाकारात पत्ताच लागत नाही.

म्हणून एफपीएस बाजूला ठेवून फ्रेमटाइम बघायचा. एक फ्रेम आणि पुढची फ्रेम यांच्यात किती मिलिसेकंद गेले, तो फ्रेमटाइम. ६० एफपीएस म्हणजे प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद, ९० म्हणजे ११.१, आणि १४४ म्हणजे ६.९.

आता एक मिनिटाची नमुना नोंद घेऊ. पुढचा सगळा हिशेब हिच्यावरच करायचा आहे, म्हणून आकडे सोपे ठेवले आहेत. ५४०० फ्रेमपैकी ५३०० फ्रेमना सुमारे १०.८ मिलिसेकंद लागले. ७० फ्रेम जरा जड होत्या, त्यांना १२.५ लागले. उरलेल्या ३० फ्रेम रखडल्या, त्यांना प्रत्येकी ६० मिलिसेकंद लागले. बेरीज ६० सेकंद, सरासरी ९० एफपीएस.

मिनिटात ३० रखडलेल्या फ्रेम म्हणजे दर दोन सेकंदांना एक झटका. खेळणाऱ्याच्या दृष्टीने हा गेम खेळण्याजोगा नाही. १४४ हर्ट्झच्या स्क्रीनवर ६० मिलिसेकंदांत स्क्रीन आठ-नऊ वेळा ताजी होते, आणि तेवढा वेळ तेच जुनं चित्र दिसत राहतं. तबल्याची लय सरासरीने अचूक असली तरी मधे एक मात्रा लांबली की कानाला ती लगेच कळते. डोळ्याचंही तसंच आहे. आणि माउस किंवा कंट्रोलर हातात असेल तर डोळ्याआधी हाताला कळतं.

समजा हे तीसही झटके पूर्णपणे गेले आणि त्या ३० फ्रेमही १०.८ मिलिसेकंदांत झाल्या. तर वाचलेला वेळ दीड सेकंदाच्या आसपास. सरासरी ९० वरून जाते ९२.३ वर. खेळण्याजोगा नसलेला गेम आणि लोण्यासारखा चालणारा गेम, यांच्यातला फरक सरासरीत फक्त अडीच टक्के दिसतो. एवढा फरक तर दोन वेळा तोच रस्ता खेळल्यावर आपोआपही पडतो. म्हणजे सरासरीकडे बघणाऱ्या माणसाने बरोबर उपाय केला, तरी "काही फरक पडला नाही" म्हणून तो परत फिरवण्याची शक्यता दाट. दोष पुन्हा पुन्हा उगवतो तो इथून.

१% लो म्हणजे नेमकं काय, आणि कुठल्या पद्धतीचं

सगळ्या फ्रेम सर्वात रखडलेलीपासून सर्वात वेगवान फ्रेमपर्यंत क्रमाने लावायच्या. पहिल्या एक टक्का फ्रेम घ्यायच्या, आपल्या नोंदीत त्या ५४. त्यांचा सरासरी फ्रेमटाइम काढायचा आणि १००० ला त्याने भागायचं. आलेला आकडा म्हणजे १% लो. वाईट क्षणी गेम कोणत्या वेगाने चालत होता, ते हा आकडा सांगतो.

आपल्या ५४ फ्रेममध्ये ३० आहेत ६० मिलिसेकंदांच्या आणि २४ आहेत साडेबारांच्या. बेरीज २१०० मिलिसेकंद, सरासरी ३८.९, म्हणजे १% लो जवळपास २६ एफपीएस. झटके गेल्यानंतर पहिल्या ५४ जागांवर साडेबारावाल्या फ्रेम येतात, आणि आकडा होतो ८०. सरासरी ९० ची ९२ झाली, तर १% लो २६ चा ८०. हाताला जाणवलेला बदल या दुसऱ्या आकड्यात दिसतो.

इथे एक खाचखळगा आहे, त्यावर जरा थांबायलाच हवं. १% लो नावाने दोन वेगळे आकडे फिरतात. एक वर सांगितलेला, सर्वात रखडलेल्या एक टक्का फ्रेमची सरासरी. दुसरा आहे ९९ वा पर्सेंटाइल: यात त्या ५४ फ्रेमपैकी फक्त ५४ वी, म्हणजे सीमेवरची एकच फ्रेम बघतात. आपल्या नोंदीत ५४ वी फ्रेम साडेबारा मिलिसेकंदांची आहे, म्हणजे पर्सेंटाइलने आकडा येतो ८०. झटके असतानाही ८० आणि झटके गेल्यावरही ८०!

कारण साधं आहे. ९० एफपीएसला दोन सेकंदांत १८० फ्रेम होतात. त्यातली एक रखडली तर ती ०.५६ टक्के. एक टक्क्याच्या सीमेपर्यंत ती पोचतच नाही, म्हणून पर्सेंटाइल तिच्यावरून नजर फिरवून पुढे जातो. जे झटके सारखे सारखे येतात ते पर्सेंटाइलला सापडतात. जे तुरळक पण मोठे असतात ते निसटतात. आणि बहुतेकांची तक्रार नेमकी तुरळक पण मोठ्या झटक्यांची असते.

त्यामुळे एका व्हिडिओतला १% लो आणि तुमच्या सॉफ्टवेअरमधला १% लो शेजारी ठेवून तुलना करू नका. कॅपफ्रेमएक्स या फ्रेमटाइम नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पर्सेंटाइल आणि सरासरीवाला लो हे दोन्ही वेगवेगळे निवडता येतात, तिथे कोणता निवडला आहे ते आधी बघा. दुरुस्तीच्या कामासाठी माझी पसंती सरासरीवाल्याला. त्याच्यासोबत पर्सेंटाइल ठेवला तर आणखी चांगलं: दोन्हींत मोठी दरी असेल तर झटके थोडे पण मोठे आहेत, आणि दोन्ही सारखेच खाली असतील तर गेम सर्रास ओढत चालला आहे.

किमान एफपीएस हा आकडा मात्र सोडून द्या. तो एकाच फ्रेमवर उभा असतो. गेमने मधे आपोआप सेव्ह केलं आणि एक फ्रेम २०० मिलिसेकंद रखडली, तर किमान ५ दिसेल. पुढच्या वेळी सेव्ह झालं नाही की ६०. त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

हा सगळा विचार रुळला तो २०११ नंतर. त्या वर्षी 'द टेक रिपोर्ट' या संकेतस्थळावर स्कॉट वॉसन यांनी सेकंदाच्या आत शिरून प्रत्येक फ्रेमचा वेळ तपासायला हवा, अशी मांडणी केली आणि ग्राफिक्स कार्डांची परीक्षणं फ्रेमटाइमवर करायला सुरुवात केली. त्यावेळी दोन कार्डं जोडून खेळणाऱ्यांना सरासरी दणदणीत मिळायची, पण एक फ्रेम ८ आणि पुढची २४ मिलिसेकंदांची अशी लंगडी चाल असायची. सरासरीने ते ६२ एफपीएस भरतात. प्रत्यक्षात चित्र सलग सरकत नाही.

नोंद कशी घ्यायची

इंटेलचं प्रेझेंटमॉन मोफत आहे आणि कोणत्याही कंपनीच्या कार्डावर चालतं. कमांड लाइनवाली आवृत्ती उतरवून घ्या, टर्मिनल अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि गेम सुरू असताना हे चालवा. `game.exe` च्या जागी तुमच्या गेमच्या फाइलचं नाव घाला, ते टास्क मॅनेजरच्या `Details` मध्ये सापडेल. पहिल्या शब्दाच्या जागी तुम्ही उतरवलेल्या फाइलचं नाव येईल.

```
PresentMon.exe --process_name game.exe --output_file run2.csv --delay 10 --timed 60 --terminate_after_timed --v1_metrics
```

दहा सेकंद गेममध्ये परत जायला मिळतात, नंतर एक मिनिट नोंद होते. फाइल तयार झाली की पायथनमध्ये हिशेब दहा ओळींचा आहे. फाइलच्या पहिल्या ओळीत रकान्याचं नाव कसं लिहिलंय ते बघून `COL` मध्ये तसंच घाला, कारण आवृत्तीनुसार ते थोडं बदलतं.

```python
import csv
COL = "msBetweenPresents"
with open("run2.csv", encoding="utf-8-sig") as f:
    ms = [float(r[COL]) for r in csv.DictReader(f)]
ms.sort(reverse=True)
n = max(1, len(ms) // 100)
print("AVG", 1000 * len(ms) / sum(ms))
print("P99", 1000 / ms[n - 1])
print("LOW", 1000 * n / sum(ms[:n]))
```

एक्सेलमध्ये हेच करणारे बरेच जण प्रत्येक फ्रेमचा एफपीएस काढतात आणि मग त्या एफपीएसची सरासरी घेतात. ते चुकीचं आहे. १० आणि ५० मिलिसेकंदांच्या दोन फ्रेम घ्या. त्यांचे एफपीएस १०० आणि २०, त्यांची सरासरी ६०. पण दोन फ्रेमना एकूण ६० मिलिसेकंद लागलेत, म्हणजे खरा वेग ३३. आधी मिलिसेकंदांची बेरीज, भागाकार सर्वात शेवटी.

नोंद घेताना तोच सेव्ह, तोच रस्ता, तेच हवामान. निदान तीन वेळा खेळा आणि पहिली नोंद वेगळी ठेवा, ती पुढे उपयोगी पडणार आहे. ओव्हरले, स्क्रीन रेकॉर्डिंग आणि मागे उघडा असलेला ब्राउझर बंद करा. एका मिनिटाच्या नोंदीत १% लो ५४ फ्रेमवर उभा असतो, एवढ्यावर विश्वास ठेवता येतो. ०.१% लो मात्र फक्त ५ फ्रेमवर येतो, त्यामुळे तो दर वेळी वेगळा निघाला तर घाबरू नका. तो बघायचाच असेल तर नोंद दहा मिनिटांची घ्या. आणि १% लो ७८ चा ८० झाला म्हणून उपाय लागू पडला असं धरू नका. खरा उपाय सापडला की फरक डोळ्यात भरेल इतका असतो.

आधी भिंतीकडे तोंड करून उभे राहा

१% लो दोष आहे एवढं सांगतो, तो कुठे आहे हे सांगत नाही. त्या ५४ फ्रेम मिनिटभर विखुरलेल्या होत्या की एकाच दरवाजापाशी गोळा झाल्या होत्या, हे त्याला माहीत नसतं. म्हणून आकड्यासोबत फ्रेमटाइमचा आलेख बघायचाच. कॅपफ्रेमएक्स तो थेट काढून देतं, सीएसव्हीवरून एक्सेलमध्येही निघतो.

पहिली चाचणी अगदी सोपी आहे. गेममध्ये एका भिंतीकडे तोंड करून मिनिटभर काहीही न करता उभे राहा आणि नोंद घ्या. आता नवं दृश्य येत नाही, शत्रू नाहीत, डिस्कवरून काही वाचायचं नाही. तरीही आलेखात ठरावीक अंतराने सुया वर येत असतील, तर दोष बहुतेक गेमच्या बाहेर आहे. रंगीत दिवे सांभाळणारं सॉफ्टवेअर, दर सेकंदाला सगळे सेन्सर विचारणारं तापमानाचं सॉफ्टवेअर, फोटो क्लाउडवर चढवणारी सेवा असे उमेदवार असतात. एकेक बंद करा आणि दर वेळी नोंद घ्या. सगळे एकदम बंद केले तर अपराधी कोण ते कळणार नाही आणि उद्या तो पुन्हा सुरू होईल.

भिंतीसमोर आलेख सपाट आणि चालायला लागलं की सुया, असं असेल तर पुढे चला.

व्हीआरएएम भरणं: सरासरीला सर्वात कमी दिसणारा दोष

आपल्याकडे अजूनही ४ जीबीची कार्डं भरपूर आहेत, लॅपटॉपमध्ये तर विशेष. जीटीएक्स १६५० घ्या. जीडीडीआर५ असलेल्या या कार्डाची स्वतःची मेमरी, म्हणजे व्हीआरएएम, सेकंदाला १२८ जीबी वेगाने वाचता येते. गेमची टेक्स्चर ४ जीबीत मावली नाहीत की उरलेली कॉम्प्युटरच्या रॅममध्ये जातात, आणि तिथून पीसीआय एक्सप्रेसच्या वाटेने आणावी लागतात. पीसीआय एक्सप्रेस ३.० ची सोळा लेनची वाट सेकंदाला १६ जीबीच्या आत आहे, म्हणजे आठ पट अरुंद.

बहुतेक फ्रेमना लागणारं सामान कार्डावरच असतं, म्हणून त्या वेगाने होतात आणि सरासरी छान राहते. तुम्ही कॅमेरा फिरवला आणि मागच्या इमारतीचं टेक्स्चर रॅममध्ये असलं, की तेवढी एक फ्रेम रखडते. आपल्या नोंदीतल्या ६० मिलिसेकंदांच्या ३० फ्रेम अशाच असू शकतात.

२०२२ च्या जानेवारीत आलेल्या आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डावर हे ठळकपणे दिसलं. मेमरी ४ जीबी आणि लेन फक्त चार. पीसीआय एक्सप्रेस ४.० च्या बोर्डावर ते सांभाळून घेई, पण ज्यांच्याकडे ३.० चा जुना बोर्ड होता त्यांना ती वाट जेमतेम ४ जीबीची उरायची. मेमरी भरली की त्याच कार्डाची जुन्या बोर्डावर दमछाक व्हायची. स्वस्त कार्ड जुन्या मशीनमध्ये घालणाऱ्यालाच याचा फटका बसायचा, हे मला आजही खटकतं.

ओळखायचं कसं? टास्क मॅनेजरमध्ये `Performance`, मग `GPU`. खाली `Dedicated GPU memory` आणि `Shared GPU memory` असे दोन आलेख आहेत. दुसऱ्यात थोडंफार नेहमीच असतं, त्याची काळजी नको. पण पहिला छताला टेकलेला आणि खेळताना दुसरा चढत जातोय, असं दिसलं तर निदान झालं.

उपाय म्हणजे टेक्स्चरची सेटिंग एक पायरी खाली, बाकी सगळं होतं तसंच. इथेच सरासरी सर्वात जास्त फसवते. टेक्स्चर मुख्यतः जागा खातात, गणिताची मेहनत फारशी वाढवत नाहीत. त्यामुळे ती कमी केल्यावर सरासरी जवळजवळ हलत नाही, आणि १% लो उडी मारतो. सावल्या कमी केल्या तर उलट होतं: सरासरी १०५ वर जाते, झटके तिथेच. सुरुवातीला सांगितलेल्या तक्रारीत नेमकं हेच घडत असतं.

एकच रॅमची पट्टी

व्हीआरएएममध्ये जागा आहे आणि तरी झटके आहेत, तर आता प्रोसेसर आणि रॅमकडे वळा. आधी ग्राफिक्स कार्ड पूर्ण कामाला लागलंय का ते बघा. प्रेझेंटमॉनच्या खिडकीवाल्या आवृत्तीत २०२३ पासून `GPU Busy` नावाचं माप आहे. एका फ्रेममध्ये कार्ड खरोखर किती मिलिसेकंद कामात होतं, ते त्यात कळतं. फ्रेमटाइम ६० आणि `GPU Busy` ९ असेल तर उरलेले ५१ मिलिसेकंद कार्ड नुसतं वाट बघत बसलं होतं. मग ग्राफिक्सच्या सेटिंग कितीही कमी केल्या तरी त्या फ्रेमला फरक पडणार नाही.

लॅपटॉप अनेकदा ८ जीबीची एकच पट्टी घालून विकले जातात. त्यात दोन वेगवेगळे दोष एकत्र येतात आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजेत.

पहिला जागेचा. विंडोज, ब्राउझर आणि गेम मिळून ८ जीबी सहज संपतात, आणि विंडोज काही भाग डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये टाकतं. तो परत आणताना फ्रेम रखडते, आणि हार्ड डिस्क असेल तर फारच. `resmon` उघडून `Memory` मध्ये `Hard Faults/sec` बघा. झटक्याच्या क्षणी तिथे उसळी दिसली तर जागा कमी पडते आहे.

दुसरा रुंदीचा. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन पट्ट्या दोन चॅनलवर मिळून ५१.२. भरगर्दीचं शहर, शंभर पात्रं, भौतिकीचा हिशेब अशा वेळी प्रोसेसरला रॅमकडून माल वेळेवर मिळाला नाही की नेमक्या त्याच फ्रेम लांबतात. शांत दृश्यात मागणी कमी असते म्हणून तिथे काही कळत नाही. एका पट्टीचा फटका सरासरीपेक्षा १% लोला जास्त बसतो, तो यामुळे. `Hard Faults` शांत आहेत, व्हीआरएएम रिकामी आहे, आणि गर्दीच्या जागीच आलेख दातेरी होतो, अशी याची खूण.

टास्क मॅनेजरच्या `Memory` पानावर `Slots used` मध्ये `1 of 2` दिसलं तर एक जागा रिकामी आहे. त्याच क्षमतेची आणि वेगाची दुसरी पट्टी घाला, दोन्ही दोष एकदम मिटतात. डेस्कटॉपवर दोन पट्ट्या असूनही त्या बोर्डावरच्या पुस्तिकेत सांगितलेल्या खाचांतच हव्यात, नाहीतर दोन्ही एकाच चॅनलवर बसतात. त्याच पानावर `Speed` बघा. ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ दाखवत असेल तर बायॉसमध्ये `XMP` सुरू करायचं राहिलं आहे. डीडीआर५ वाल्यांनी एक ध्यानात ठेवा: एका डीडीआर५ पट्टीतही ३२ बिटांचे दोन छोटे चॅनल असतात, त्यामुळे सीपीयू-झेडमध्ये दोन चॅनल दिसले म्हणून निश्चिंत होऊ नका, पट्ट्या मोजा.

पहिल्याच वेळी येणारे झटके

आता ती वेगळी ठेवलेली पहिली नोंद काढा. पहिल्या वेळी १% लो २६ आणि त्याच रस्त्यावर दुसऱ्या, तिसऱ्या वेळी ७५ च्या पुढे असेल, तर हे शेडर कंपाइल होण्याचे झटके आहेत. नवा स्फोट, नवं शस्त्र, नवा परिसर प्रथम दिसला की त्याचा शेडर, म्हणजे तो कसा रंगवायचा हे कार्डाला सांगणारा छोटा प्रोग्राम, तुमच्या कार्डासाठी तयार होतो. मग तो कॅशेत राहतो आणि पुन्हा त्रास देत नाही. ड्रायव्हर बदलला की कॅशे नव्याने बनतो, म्हणून अपडेटच्या दुसऱ्या दिवशी "ड्रायव्हर बिघडला" अशी ओरड होते. उगाच ड्रायव्हर मागे नेऊ नका, दोन तास खेळून पुन्हा मोजा. शेडर कॅशेची फोल्डर पुसण्याचा सल्ला बरेचदा दिला जातो. कॅशे खराब झाल्याची खात्री नसेल तर तो टाळा, कारण पुसल्यावर सगळे पहिल्या वेळचे झटके परत येतात. गेम सुरुवातीला शेडर तयार करण्याची पट्टी दाखवत असेल तर ती पूर्ण होऊ द्या.

याच्या उलट, सुरुवातीला सगळं नीट आणि अर्ध्या तासाने बिघाड, असं असेल तर उष्णता. तिसऱ्या मिनिटाची आणि तिसाव्या मिनिटाची नोंद शेजारी ठेवा. इथे सरासरीही घसरलेली असते, त्यामुळे हा दोष ओळखायला सोपा. विदर्भात मे महिन्यात मोजलेला आणि जानेवारीत मोजलेला आकडा एकाच लॅपटॉपचा असूनही वेगळा येईल.

सरासरी कमी करून गेम गुळगुळीत करणं

वरचं सगळं तपासलं, दुसरी पट्टी घातली, टेक्स्चर उतरवली, आणि १% लो ५८ वर येऊन थांबला असं धरा. सरासरी अजून ९२. आता गेम ५६ ते १०० च्या मधे वरखाली हिंदकळतो आहे, आणि हा चढउतारही डोळ्याला टोचतो. अशा वेळी मर्यादा घाला. गेममध्ये सोय असेल तर तिथे, नाहीतर रिव्हाट्यूनर या सॉफ्टवेअरच्या `Framerate limit` मध्ये ६० लिहा. सरासरी ९२ ची ६० होईल, आणि बऱ्याच गेममध्ये चाल आधीपेक्षा सलग वाटेल, कारण जवळपास सगळ्या फ्रेम १६.७ मिलिसेकंदांवर बसतात. प्रोसेसर आणि कार्ड सतत धापा टाकत नाहीत, त्यामुळे जड क्षणासाठी त्यांच्याकडे थोडी ताकद शिल्लक राहते. कधी कधी १% लो त्यामुळेच दोन पावलं वर येतो.

मर्यादा १% लोच्या आसपास ठेवायची. १% लो ४५ असताना ६० ची मर्यादा घातली आणि ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर व्ही-सिंक चालू असेल, तर १६.७ मिलिसेकंदांची वेळ चुकलेली प्रत्येक फ्रेम पुढच्या फेरीची वाट बघते आणि ३३.३ ला दिसते. मधलं काही नाहीच. बदलत्या रिफ्रेशचा मॉनिटर असेल तर हा त्रास खूप कमी होतो, पण ६० मिलिसेकंदांचा झटका तोही झाकू शकत नाही.

आणि मर्यादा घालून ६० मिलिसेकंदांचे झटके जात नाहीत, हे इथे स्पष्ट सांगायला हवं. ज्या फ्रेमला डिस्कवरून किंवा रॅममधून सामान यायचं होतं, तिला मर्यादा असली काय आणि नसली काय. म्हणून मर्यादा शेवटी, दोष काढल्यावर.

इतकं करूनही ठरावीक दरवाजापाशी, ठरावीक पुलावर सुई तशीच उभी राहत असेल, तर तोच गेम वेगळ्या कार्डावर आणि जास्त रॅमवर खेळणाऱ्यांचे फ्रेमटाइमचे आलेख शोधा. त्यांनाही त्याच जागी सुई दिसत असेल तर ती गेमच्या इंजिनची आहे. तुमच्या पैशाने ती जाणार नाही. गेमच्या पुढच्या पॅचनंतर त्याच सेव्हवर, त्याच पुलावर पुन्हा एक मिनिटाची नोंद घ्या आणि १% लो जुन्या फाइलशी ताडून बघा.